गुलाबी विसरा, न्यूक्लियस कुठे आहे ते बघा : टिश्यू ओळखण्याची एक प्रश्नपत्रिका

प्रश्न : मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲटलासमधली चित्रं पटापट ओळखता येतात, पण मायक्रोस्कोपखाली सगळंच गुलाबी-जांभळं दिसतं. मागच्या स्पॉटरला टेंडनला नर्व्ह लिहिलं आणि स्मूथ मसलला टेंडन. बेसिक टिश्यूंचा सराव होईल अशी प्रश्नपत्रिका कोणाकडे आहे का? नुसती उत्तरं नकोत, कशावरून ओळखायचं तेही हवं.

उत्तर :

तुमचं पाठांतर कमी पडत नाहीये, बघण्याचा क्रम चुकतोय. ॲटलासमधलं चित्र म्हणजे कोणीतरी पुष्कळ शोधून निवडलेली एक जागा. तिथे काप अगदी सरळ गेलेला असतो, रंग नीट चढलेला असतो आणि वर बाणही काढलेले असतात. तुमच्या टेबलावरच्या स्लाइडवर मात्र काप तिरका गेलेला असतो, मधे चिरा पडलेल्या असतात, आणि शेजारी भलत्याच टिश्यूचा तुकडा असतो. चित्र एकूण कसं दिसतं यावर ओळख ठरवायची सवय लागली की अशा ठिकाणी फसायला होतं.

रंगाची गोष्ट आधी सांगते. आपल्या बहुतेक स्लाइड एच अँड ई रंगाच्या असतात. हिमॅटॉक्सिलिन न्यूक्लियसमधल्या डीएनएकडे जातं आणि निळं-जांभळं दिसतं. इओसिन बहुतेक प्रथिनांना गुलाबी करतं, मग ते स्नायूतलं असो, कोलॅजेन असो की ॲक्सॉन. म्हणजे टेंडन, स्मूथ मसल आणि नर्व्ह हे तिन्ही गुलाबी दिसणारच, त्यात तुमची काहीच चूक नाही. पेशींच्या कडाही या रंगात पुष्कळदा दिसत नाहीत. खात्रीने दिसतो तो एकटा न्यूक्लियस. म्हणून मी मुलांना सांगते की गुलाबी विसरा आणि तीनच गोष्टी विचारा : न्यूक्लियस कुठे आहे, त्याचा आकार काय, आणि तो कोणाचा आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या विभागातल्या स्लाइडवर अवलंबून असतात. जुन्या स्लाइडवर, विशेषतः उजेडात राहिलेल्या, रंग उडालेला असतो. काही संच माणसाच्या टिश्यूचे असतात, काही प्राण्यांच्या. काप ५ मायक्रॉनचा असेल तर न्यूक्लियस सुटे दिसतात, जाड असेल तर एकावर एक चढलेले दिसतात. त्यामुळे ‘टेंडनमध्ये न्यूक्लियस कमी’ असं मी म्हणते तेव्हा ते शेजारच्या टिश्यूच्या तुलनेत कमी, असं समजा.

एक फजिती सांगून पुढे जाते. मी एका कॉलेजात शिकवत असताना टेंडनच्या स्लाइडवर कव्हरस्लिपखाली एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकलेला होता. बुडबुडा दिसला की टेंडन, ही खूण सीनियर मुलांनी ज्युनियर मुलांना देऊन ठेवलेली. ती स्लाइड फुटली आणि तिच्या जागी नवीन आली, ज्यात टेंडन जरा नागमोडी दिसत होतं. त्या स्पॉटरला बहुतेकांनी नर्व्ह लिहिलं. मग मी प्रश्नपत्रिका बदलली. ‘ही स्लाइड ओळखा’ एवढंच विचारणं बंद केलं आणि ‘शेजारचा पर्याय कशावरून नाकारलात?’ असं विचारायला लागले. त्यातलेच काही प्रश्न खाली देते. आमच्याकडे ते मायक्रोस्कोपवर असतात, इथे दृश्याचं वर्णन देते आहे. वर्णन वाचून थांबा, कागदावर उत्तर लिहा आणि मगच पुढे वाचा.

प्रश्न १. तीन जागा आहेत. तिन्हींत गुलाबी तंतू डावीकडून उजवीकडे गेलेले आहेत आणि थोडी लाट आहे. जागा ‘अ’मध्ये न्यूक्लियस थोडे आहेत, बारीक, गडद, पेन्सिलीच्या रेघेसारखे, आणि एकामागे एक ओळीत आहेत. जागा ‘ब’मध्ये न्यूक्लियस पुष्कळ आहेत, लांबट पण भरीव, दोन्ही टोकं बोथट, आणि सगळीकडे विखुरलेले. जागा ‘क’मध्ये न्यूक्लियस मध्यम संख्येने आहेत, बारीक आणि वाकडे, तंतूंच्या लाटेबरोबर वळणारे, गुलाबी भाग एकसंध नाही, त्यात फिकट फेसासारखी जागा आहे. ओळखा.

‘अ’ टेंडन, ‘ब’ स्मूथ मसल, ‘क’ नर्व्ह. आता का ते बघू, कारण तुमची चूक नेमकी इथेच झाली आहे.

टेंडनमध्ये जे गुलाबी दिसतं ते पेशी नाहीच. ते पेशींनी बाहेर तयार करून टाकलेलं कोलॅजेन आहे. पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, त्या जाड जुड्यांच्या मधल्या फटीत चेपून बसलेल्या असतात. म्हणून न्यूक्लियस सपाट, बारीक आणि फटीच्या रेषेत ओळीने दिसतो. जागा बहुतेक कोलॅजेनने व्यापलेली, म्हणून न्यूक्लियस कमी. ही सगळी लक्षणं एकाच कारणातून येतात : न्यूक्लियस तंतूच्या आत नाही, दोन तंतूंच्या मधे आहे.

स्मूथ मसलमध्ये गुलाबी भाग हाच पेशीचा सायटोप्लाझम आहे. प्रत्येक पेशी दोन्ही टोकांना निमुळती आणि तिच्या फुगीर भागात मधोमध एक न्यूक्लियस. तो चेपलेला नाही, त्यामुळे भरीव दिसतो आणि त्याची टोकं सिगारसारखी बोथट असतात. पेशी एकमेकींत घट्ट बसाव्यात म्हणून एकीचा फुगीर भाग दुसरीच्या निमुळत्या टोकाशी येतो, म्हणून न्यूक्लियस ओळीत न येता विखुरलेले दिसतात. फिक्स करताना स्नायू आकुंचन पावलेला असेल तर काही न्यूक्लियस बूच उघडायच्या स्क्रूसारखे पिळलेले दिसतात. टेंडनमध्ये असा पीळ दिसत नाही, तेव्हा तो सापडला तर लगेच लिहून टाका.

नर्व्हमध्ये गोष्ट आणखी वेगळी. जाड ॲक्सॉनभोवती मायेलिनचं आवरण असतं आणि मायेलिन म्हणजे मुख्यतः स्निग्ध पदार्थ. स्लाइड तयार करताना टिश्यू अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते, त्यात हे स्निग्ध पदार्थ विरघळून जातात. मागे उरतो तो फिकट, फेसाळ पट्टा आणि त्याच्या मधून जाणारी ॲक्सॉनची बारीक गुलाबी रेघ. न्यूक्लियस बहुतेक श्वान पेशींचे, काही मधल्या फायब्रोब्लास्टचे. ॲक्सॉनचा स्वतःचा न्यूक्लियस इथे नसतोच, तो दूर स्पायनल कॉर्डमध्ये किंवा गँग्लियनमध्ये राहिला. आणि नर्व्ह कधी एकटी पसरलेली नसते. प्रत्येक जुडीभोवती पेरिन्युरियमची नीट आखलेली कड असते, बाहेर चरबी आणि रक्तवाहिन्या असतात.

आता लाटेबद्दल. ‘वेव्ही दिसते म्हणून नर्व्ह’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत पुन्हापुन्हा वाचलं आहे आणि त्याला मी गुण देत नाही. नर्व्ह नागमोडी असते हे खरंच आहे. हातपाय ताणले तर ती तुटू नये एवढी सूट तिच्यात असते. पण ताण सुटलेलं टेंडनही नागमोडी होतं. म्हणून लाट बघून फक्त एवढंच ठरवा की आता ४०च्या लेन्सवर जायचं आहे. तिथे जाऊन एकच शोध घ्या : मधे गुलाबी रेघ आणि दोन्ही बाजूंना फिकट पट्टा दिसतो का? दिसला तर नर्व्ह. गुलाबी एकसंध, चकचकीत आणि न्यूक्लियस फटीत असेल तर टेंडन.

‘न्यूक्लियस आत आहे की मधे हे लांबट कापात कसं कळणार?’ असा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो रास्त आहे. लांबट कापात ते खरंच अवघड असतं. फाइन फोकस हळूच पुढेमागे फिरवा आणि न्यूक्लियसच्या दोन्ही टोकांकडे बघा. स्मूथ मसलमध्ये टोकापुढे तोच गुलाबी रंग सलग चालू राहतो, टेंडनमध्ये टोकापुढे फट चालू राहते. एवढ्यानेही समाधान झालं नाही तर स्लाइड सरकवा आणि तीच टिश्यू आडवी कापली गेलेली जागा शोधा. आडव्या कापात वाद राहत नाही. पुढचा प्रश्न त्यावरच आहे.

प्रश्न २. गुलाबी गोल ठिपक्यांनी भरलेली जागा. काही गोल मोठे, काही अगदी बारीक. थोड्या गोलांच्या मधोमध जांभळा ठिपका आहे, बाकीचे रिकामे. एका विद्यार्थ्याने लिहिलं, ‘दोन प्रकारच्या पेशी आहेत, न्यूक्लियस असलेल्या आणि नसलेल्या.’ बरोबर की चूक?

चूक. पेशी एकाच प्रकारच्या आहेत, आणि ही आडवी कापलेली स्मूथ मसल आहे. लांबट तोंडल्यांचा ढीग डोळ्यांपुढे आणा. सगळी एकाच दिशेने ठेवलेली, पण टोकं मागेपुढे. आता ढिगातून एकदाच सुरी आडवी फिरवली तर काही तोंडली मधोमध कापली जातील, त्यांच्या मोठ्या चकत्या होतील. काहींची फक्त टोकं कापली जातील, त्यांच्या चिमुकल्या चकत्या. प्रत्येक तोंडल्याच्या मधोमध एकच मणी खोचला आहे असं धरा. तो फक्त मोठ्या चकत्यांत दिसेल, आणि त्यांतल्याही सगळ्यांत नाही.

आकड्यांत मांडून बघू. आतड्यातली स्मूथ मसलची पेशी साधारण २०० मायक्रॉन लांब धरा, न्यूक्लियस २० मायक्रॉन आणि काप ५ मायक्रॉनचा. न्यूक्लियसचा काहीतरी भाग कापात यायचा तर काप त्या २०० पैकी जेमतेम २५ मायक्रॉनच्या पट्ट्यात पडायला हवा. म्हणजे ढोबळमानाने आठ पेशींत एकीत न्यूक्लियस दिसणार, सात रिकाम्या. रिकामे गोल ही अडचण नाही, तो पुरावा आहे.

आता हीच तपासणी पहिल्या प्रश्नातल्या बाकीच्या दोघांना लावा. टेंडन आडवं कापलं तर न्यूक्लियस गुलाबी तुकड्यांच्या मधल्या कोपऱ्यांत चेपलेले दिसतील, एकाही तुकड्याच्या मधोमध नाही. नर्व्ह आडवी कापली तर पांढरट कडं आणि मधे गुलाबी ठिपका दिसेल. इथे सावध राहा : हा मधला ठिपका ॲक्सॉन आहे, गुलाबी आहे. त्याला न्यूक्लियस समजून मुलं ‘सेंट्रल न्यूक्लियस, स्मूथ मसल’ लिहून मोकळी होतात. रंग बघायचा तो इथे. न्यूक्लियस जांभळाच असतो.

प्रश्न ३. आडवे पट्टे असलेले तंतू. दोन जागा. एकीत न्यूक्लियस तंतूच्या काठाला, एका तंतूला अनेक. दुसरीत न्यूक्लियस मधे, त्याच्या दोन्ही टोकांना थोडी फिकट जागा, आणि तंतूंना फाटे.

पहिली स्केलेटल मसल, दुसरी कार्डियाक. हे सगळ्यांना येतं, म्हणून जास्त लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी. कार्डियाकच्या इंटरकॅलेटेड डिस्क एच अँड ईमध्ये पुष्कळदा धड दिसत नाहीत. त्या शोधत बसून वेळ घालवू नका, न्यूक्लियसची जागा आणि फाटे पुरेसे आहेत. आणि पट्टे दिसत नसतील तर कंडेन्सरखालचा डायफ्रॅम थोडा बंद करा. उजेड भरपूर ठेवला की पट्टे धुऊन निघतात, कमी केला की उठून दिसतात. परीक्षेच्या टेबलावर ‘पट्टे नाहीत, म्हणजे स्मूथ’ असं ठरवण्याआधी तो खटका एकदा फिरवून बघा. परीक्षक परवानगी देत नसतील तर अर्थात हात लावू नका.

आतापर्यंतचं एका ओळीत : न्यूक्लियस आत मधोमध आणि पट्टे नाहीत तर स्मूथ, मधोमध पण पट्टे आणि फाटे असतील तर कार्डियाक, काठाला तर स्केलेटल, तंतूंच्या मधल्या फटीत तर टेंडन, फेसाळ पट्ट्याच्या कडेला तर नर्व्ह.

एपिथेलियमकडे वळू. नववीच्या पुस्तकात तुम्ही अभिस्तर ऊती म्हणून शिकलात ती हीच. इथे न्यूक्लियस बघण्याआधी एक काम करायचं : रिकामी जागा शोधायची. एपिथेलियमला एक मोकळी कड असतेच, लुमेनकडची किंवा शरीराबाहेरची. ४च्या लेन्सवर पांढरी जागा शोधा, तिच्या काठावर जा, आणि मगच लेन्स बदला. थेट ४०वर जाणारी मुलं एपिथेलियमच्या मधोमध उतरतात आणि आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नाही.

प्रश्न ४. लुमेनच्या काठावर उंच पेशी. न्यूक्लियस दोन-तीन पातळ्यांवर आहेत. सर्वांत वर बारीक केसांसारखी झालर, झालरीच्या खाली एक गुलाबी पट्टा, ज्यात एकही न्यूक्लियस नाही. मधे मधे फिकट, पेल्यासारख्या पेशी. तळाशी ठळक गुलाबी रेघ. स्ट्रॅटिफाइड म्हणायचं का?

नाही, ही ट्रॅकियातली स्यूडोस्ट्रॅटिफाइड सिलिएटेड कॉलमनर एपिथेलियम. इथे थोडं प्रामाणिक बोलते. पुस्तकातली व्याख्या सांगते की प्रत्येक पेशी तळाच्या बेसमेंट मेम्ब्रेनला टेकलेली असते, पण सगळ्या वरपर्यंत पोचत नाहीत. हे तुम्हाला एच अँड ईमध्ये दिसत नाही, मलाही दिसत नाही, कारण पेशींच्या कडाच दिसत नाहीत. तेव्हा ‘सगळ्या पेशी बेसमेंट मेम्ब्रेनला टेकलेल्या दिसतात’ असं लिहू नका. जे दिसतं ते लिहा.

दिसतं ते असं. तळाशी लहान गोल न्यूक्लियस, ते बुटक्या बेसल पेशींचे. त्यांच्या वर लांबट न्यूक्लियस, ते उंच पेशींचे. आणि सर्वांत वर तो न्यूक्लियस नसलेला पट्टा. हा पट्टाच मुख्य पुरावा. पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या सगळ्या पेशी उंच आहेत आणि त्यांचे न्यूक्लियस खाली आहेत, म्हणून वरचा भाग मोकळा राहिला. बहुस्तरीय एपिथेलियममध्ये वरच्या थरातल्या पेशींना स्वतःचे न्यूक्लियस असतात, त्यामुळे ते अगदी काठापर्यंत येतात. सिलिया आणि गॉब्लेट पेशी दिसल्या तर उत्तम. पण सिलिया जुन्या स्लाइडवर झडलेल्या असू शकतात, पट्टा मात्र राहतो.

याच प्रश्नाचा एक जुळा भाऊ आहे, तिरका काप. आतड्यातली साधी, एकाच थराची कॉलमनर एपिथेलियम तिरकी कापली गेली तर न्यूक्लियस तीन-चार ओळींत दिसतात आणि मुलं बहुस्तरीय लिहितात. वहीचं एकच पान तिरकं धरून बघितलं तर जाड वाटतं, तसंच. उपाय सोपा आहे : त्याच काठाने पुढे सरकत जा. कुठे ना कुठे न्यूक्लियसची एकच स्वच्छ ओळ सापडेल. सर्वांत पातळ दिसणारी जागा खरी, कारण तिरक्या कापाने थर वाढल्यासारखे दिसतात, कमी झालेले दिसत नाहीत. खऱ्या बहुस्तरीय एपिथेलियममध्ये कितीही सरकलात तरी एक ओळ सापडणार नाही.

प्रश्न ५. दोन बहुस्तरीय एपिथेलियम. एकीत तळाच्या पेशी उभट, वर जाताना चपट्या होत जातात, सर्वांत वरचे न्यूक्लियस काठाला समांतर, पातळ काडीसारखे. दुसरीत पाच-सहा थर, सर्वांत वर मोठ्या घुमटासारख्या पेशी, न्यूक्लियस गोल, एखाद्या पेशीत दोन.

पहिली इसोफॅगसमधली स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस, केराटिन नसलेली. दुसरी ब्लॅडरमधली ट्रान्झिशनल. नाव नेहमी वरच्या थरावरून ठरतं, तळाच्या नाही. तळाला दोन्हीकडे पेशी सारख्याच उभट दिसू शकतात. म्हणून वरचा न्यूक्लियस गोल की आडवा, एवढंच बघा.

अडचण येते ती ब्लॅडर भरलेला, ताणलेला असताना टिश्यू घेतली गेली असेल तेव्हा. तेव्हा घुमट दबून चपटे होतात आणि पहिल्या नजरेला स्क्वॅमसच वाटतं. तिथे थर मोजा. ताणलेल्या ब्लॅडरमध्ये दोन-तीनच थर राहतात, इसोफॅगसमध्ये ते कितीतरी जास्त असतात. तळाची कडही बघा : इसोफॅगसमध्ये खालची कनेक्टिव्ह टिश्यू बोटांसारखी वर घुसलेली असते, ब्लॅडरमध्ये ती सीमारेषा बरीच सपाट असते. आणि वरचा थर निघून गेलेला असेल तर त्या जागेवर निर्णय घेऊच नका, पुढे सरका.

प्रश्न ६. पांढऱ्या रिकाम्या गोलांचं जाळं. चरबी की फुफ्फुस?

इथे मोजपट्टी वापरा, ती स्लाइडवरच असते. लाल रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉनची. जवळची एखादी रक्तवाहिनी शोधा आणि तिच्यातली पेशी नजरेत ठेवा. चरबीची पेशी १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तिच्या रुंदीत अंदाजे चौदा लाल पेशी मावतील. फुफ्फुसातला अल्व्हिओलस सुमारे २०० मायक्रॉन, जवळजवळ दुप्पट. शिवाय चरबीचा प्रत्येक गोल बंद असतो, भिंत धाग्यासारखी आणि न्यूक्लियस क्वचित एका कडेला चपटा दिसतो. अल्व्हिओलाय एकमेकांत उघडतात आणि त्यांच्या भिंतीत केशवाहिन्या असतात, त्यामुळे भिंतीतच न्यूक्लियस आणि लाल पेशी भरपूर दिसतात. चरबीचे गोल पांढरे का, तर तेच कारण, नर्व्हच्या मायेलिनचं झालं ते : स्निग्ध भाग झायलीनमध्ये गेला.

प्रश्न ७. हा शेवटचा, आणि माझ्या आवडीचा. लहान आतड्याचा आडवा काप. आतून बाहेर जाताना चारही बेसिक टिश्यू दाखवा. स्नायूच्या दोन थरांपैकी आतल्यात लांबट तंतू दिसतात, बाहेरच्यात गोल ठिपके. एका मुलीने लिहिलं, ‘आतला थर लाँजिट्यूडिनल, बाहेरचा सर्क्युलर.’ तिचं काय चुकलं?

तिने जे दिसलं ते नीट बघितलं, पण काप कोणत्या दिशेने गेला हे विचारलं नाही. आतडं म्हणजे नळी. नळी आडवी कापली तर नळीला वळसा घालणारे तंतू त्यांच्या लांबीवर कापले जातात, म्हणून लांबट दिसतात. नळीच्या लांबीने जाणारे तंतू आडवे कापले जातात, म्हणून ठिपके दिसतात. म्हणजे आतला सर्क्युलर, बाहेरचा लाँजिट्यूडिनल, बरोबर उलटं. यात एक फायदाही आहे. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नातली स्मूथ मसलची दोन्ही रूपं इथे एकमेकांना चिकटून मिळतात. लांबट थरात न्यूक्लियस आत आहे की मधे याची शंका आली तर नजर जराशी सरकवायची की गोल थरात उत्तर तयार.

बाकी प्रवास असा. लुमेनकडून निघालात की व्हिलसच्या काठावर साधी कॉलमनर एपिथेलियम आणि गॉब्लेट पेशी. व्हिलसच्या गाभ्यात सैल कनेक्टिव्ह टिश्यू, तिच्यात लिम्फोसाइटचे गडद गोल न्यूक्लियस खचाखच. खाली मस्क्युलॅरिस म्युकोझीचा बारीक पट्टा, मग सबम्युकोझा, पुन्हा कनेक्टिव्ह टिश्यू, पण इथे कोलॅजेनचे जाड धागे आणि मोठ्या रक्तवाहिन्या. मग स्नायूचे ते दोन थर. शेवटी सेरोझा, तिच्या बाहेरच्या काठावर एका थराची चपटी मेझोथेलियम, न्यूक्लियस दूरदूर.

चौथी टिश्यू, नर्व्हस, मुलं बहुधा ‘दिसली नाही’ म्हणून सोडून देतात. ती दोन स्नायूथरांच्या मधल्या फटीत असते. १०च्या लेन्सवर त्या फटीने हळूहळू सरकत जा. गुलाबी थरांच्या मधे फिकट बेटं लागतील. एका बेटावर थांबा, ४०ची लेन्स लावा. मोठी पेशी, एका बाजूला सरकलेला मोठा गोल फिकट न्यूक्लियस, आणि त्याच्या आत गडद ठिपक्यासारखा न्यूक्लिओलस. आजूबाजूला सपोर्टिंग पेशींचे बारीक न्यूक्लियस. ती गँग्लियन पेशी, आणि ते बेट मायएंटेरिक प्लेक्ससचं. एका कापात अशी बेटं मोजकीच येतात आणि प्रत्येक बेटात न्यूक्लियसमधून गेलेली पेशी असतेच असं नाही, कारण तोंडल्यांचा हिशोब इथेही लागू आहे. पहिल्या बेटात न्यूक्लिओलस दिसला नाही तर पुढच्या बेटावर जा.